स्प्रेडशीटमधल्या बजेटपासून कृतीनिहाय खर्च-समर्थनापर्यंत

प्रकल्पाच्या अर्जात बजेटचा तक्ता भरून झाला की अनेकांना वाटते, काम संपले. त्याच्या खाली ‘खर्चाचे समर्थन’ अशी एक रिकामी चौकट असते. तिथे मुले घाईने दोन ओळी लिहितात: ‘वरील रक्कम प्रकल्पाच्या यशस्वी पूर्ततेसाठी आवश्यक आहे.’ या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीही कळत नाही, कारण ते कोणत्याही प्रकल्पाखाली लिहिता येते. तक्त्यातली प्रत्येक रक्कम प्रकल्पातल्या एखाद्या ठरावीक कामाशी कशी बांधायची आणि त्यातून समर्थनाचा मजकूर कसा तयार करायचा, हे या टिपणात एकाच उदाहरणावर पाहू.

उदाहरण जबलपूरचे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी नर्मदेच्या पाण्याच्या तपासणीचा प्रकल्प एका अनुदान योजनेकडे पाठवला होता. ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि भेडाघाट हे चार घाट प्रवाहाच्या दिशेने याच क्रमाने येतात. तिथले पाणी वर्षभर दर महिन्याला तपासायचे आणि ते आंघोळीला योग्य आहे की नाही हे घाटावरच फलक लावून सांगायचे, असा बेत होता. बजेट असे होते: उपकरण ३८,०००, उपभोग्य साहित्य २०,०००, प्रवास ३०,०००, बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी २५,०००, छपाई १२,०००, आकस्मिक खर्च १५,०००. एकूण १,४०,००० रुपये.

प्रकल्प मंजूर झाला, पण प्रवासाचे ३०,००० कापून १०,००० करण्यात आले. कापणाऱ्याचे म्हणणे सोपे होते: मुले जबलपूरचीच, घाटही जबलपूरचेच, मग प्रवासाला तीस हजार कशाला? अर्जात याचे उत्तर नव्हते. मुलांनी बस आणि ऑटोने फेऱ्या केल्या. नमुने दुपारी उशिरा, कोमट होऊन प्रयोगशाळेत पोचू लागले आणि पहिल्या तीन महिन्यांचे जिवाणूंचे आकडे आम्हाला टाकून द्यावे लागले. अर्ज मी तपासून सही केला होता, त्यामुळे ही चूक माझीही होती.

शीर्ष आणि कृती

आपल्याकडे अनुदान देणाऱ्या बहुतेक संस्था बजेट ‘शीर्षां’नुसार मागतात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अर्जातही मनुष्यबळ, उपभोग्य साहित्य, प्रवास, उपकरणे, आकस्मिक अशी शीर्षे असतात. हिशेबाला ते सोयीचे पडते. पुढे खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते (केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नमुना १२-अ), आणि एका शीर्षातले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर सहसा आधी परवानगी लागते. म्हणून शीर्षे टाळता येत नाहीत.

पण पैसे कशावर गेले एवढेच शीर्षातून समजते. ते कशासाठी गेले हे कृतीतून समजते. ‘प्रवास ३०,०००’ हा आकडा कापताना काय बंद पडेल हे तपासणाऱ्याला दिसत नाही. ‘बारा महिन्यांच्या बारा नमुना-फेऱ्या’ यातला आकडा कापायचा असेल, तर कोणत्या महिन्यांच्या फेऱ्या रद्द करायच्या हे त्यालाच ठरवावे लागते.

म्हणून पहिले काम लिखाणाचे नाही, स्प्रेडशीटचे आहे. प्रत्येक ओळीला दोन खुणा द्यायच्या: एक शीर्षाची, एक कृतीची. आमच्या प्रकल्पात चार कृती निघतात. K1 म्हणजे पूर्वतयारी आणि एक चाचणी-फेरी. K2 म्हणजे बारा महिन्यांची नमुना-फेरी आणि घाटावरची मोजणी. K3 म्हणजे प्रयोगशाळेतली तपासणी. K4 म्हणजे निकाल लोकांपर्यंत पोचवणे. हे संकेत प्रकल्पाच्या कार्ययोजनेत जसे आहेत तसेच बजेटमध्ये वापरा. कार्ययोजनेत ‘टप्पा २’ आणि बजेटमध्ये ‘K2’ असे केले, तर वाचणाऱ्याला दोन्ही जुळवत बसावे लागते आणि तो बसत नाही.

स्प्रेडशीटमध्ये A मध्ये क्रमांक, B मध्ये कृती, C मध्ये शीर्ष, D मध्ये बाब, E मध्ये संख्या, F मध्ये दर आणि G मध्ये रक्कम ठेवा. G मध्ये आकडा हाताने टाकू नका. तिथे संख्या गुणिले दर एवढेच सूत्र असू द्या:

```
=E2*F2
```

हा नियम क्षुल्लक वाटतो, पण खरी झडती याच ठिकाणी होते. ‘प्रवास ३०,०००’ ही ओळ या रचनेत बसतच नाही. किती फेऱ्या आणि एका फेरीचा दर किती, हे सांगितल्याशिवाय G मध्ये काही उमटत नाही. आमची जुनी शीट मी पुढच्या तुकडीला अशी फोडायला दिली, तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे गोल आकडे कोसळले.

फोडल्यावर काय दिसले

(खालचे दर उदाहरणापुरते आहेत. तुम्ही तुमच्या गावचे, तारीख असलेले कोटेशन घ्या.)

प्रवासापासून सुरुवात करू. अर्ध्या दिवसाच्या भाड्याच्या गाडीचा दर २,२०० रुपये धरला. बारा मासिक फेऱ्या आणि एक चाचणी-फेरी मिळून तेरा, म्हणजे २८,६००. त्यातले २,२०० K1 मध्ये आणि २६,४०० K2 मध्ये जातात. म्हणजे तीस हजारांचा मूळ अंदाज फारसा चुकीचा नव्हता, फक्त त्याला आधार दिलेला नव्हता. एकच खर्च दोन कृतींत वाटला जात असेल तर त्याच्या दोन ओळी करा. एकाच खान्यात ‘K1, K2’ असे लिहू नका, कारण मग बेरीज करणारे सूत्र ती ओळ कुठेच धरत नाही.

बाहेरच्या तपासणीत उलटी गोष्ट निघाली. चार घाट, बारा महिने, ५०० रुपये नमुना, म्हणजे २४,०००. मुलांनी ते पूर्ण करून २५,००० लिहिले होते. पण प्रत्येक फेरीत एका घाटाचा नमुना दुहेरी पाठवला नाही, तर प्रयोगशाळेचा आकडा कितपत स्थिर आहे हे कसे कळणार? दुहेरी नमुना धरला की फेरीला पाच, वर्षाला साठ नमुने आणि ३०,००० रुपये होतात. इथे बजेट वाढले आणि ते वाढायलाच हवे होते.

सगळ्यात अवघड ओळ ३८,००० रुपयांच्या मीटरची होती. सामू, तापमान, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू जागेवर मोजणारे हे हातातले यंत्र. ‘प्राणवायू मोजण्यासाठी मीटर आवश्यक’ असे वाक्य एका विद्यार्थिनीने लिहून आणले. मी विचारले, “विंकलर पद्धतीने बाटलीतच रसायने टाकून प्राणवायू घाटावर स्थिर करता येतो की नाही?” ती म्हणाली, “येतो, सर.” मग मीटर आवश्यक कसा? ती दोन दिवस अडली आणि मग खरे कारण घेऊन आली. प्रत्येक घाटावर काठाजवळ, मध्ये आणि नाला मिळतो त्या बाजूला अशा तीन जागी मोजायचे आहे. चार घाट, तीन जागा, बारा महिने म्हणजे १४४ मोजण्या. एवढ्या बाटल्या भरून आणून टायट्रेशन करणे चार मुलांना जमणारे नाही. मीटर विकत घेण्याचे कारण ‘प्राणवायू’ नाही, ‘१४४ मोजण्या’ हे आहे. समर्थन लिहिताना अडलात तर बहुतेक वेळा भाषा अडलेली नसते. ओळीमागचा विचार अपुरा असतो.

उरलेल्या ओळी पटकन सांगतो. K2 मध्ये मीटरखेरीज अंशशोधनाची द्रावणे २,४०० (फेरीला २००), शीतपेटी १,८०० आणि बर्फ १,२०० आहेत. K3 मध्ये बीओडीच्या बाटल्या: घाटामागे तीन, म्हणजे बारा, कोऱ्या चाचणीच्या दोन आणि फुटतील म्हणून दोन, एकूण १६, दर ३५०, म्हणजे ५,६००. रसायने फेरीला ५०० प्रमाणे ६,०००. K4 मध्ये चार फलक ८,०००, त्यावर दर महिन्याला लावायची ४८ निकालपत्रके २५ रुपये दराने १,२००, आणि अहवालाच्या दहा प्रती २,५००. आकस्मिक खर्चाला X हा वेगळा संकेत दिला. त्यात पुरामुळे वाया जाणाऱ्या दोन फेऱ्यांचे ४,४०० आणि मीटरच्या प्राणवायू-प्रोबची मेंब्रेन फाटल्यास १,८००, असे ६,२०० आहेत. आधीचे १५,००० ‘असू द्यावेत’ म्हणून होते.

कृतीनिहाय बेरजा अशा येतात: K1 २,२००, K2 ६९,८००, K3 ४१,६००, K4 ११,७००, X ६,२००. एकूण १,३१,५००. मूळ मागणीपेक्षा ८,५०० कमी.

बेरजा जुळवणे

एका कृतीची बेरीज असे सूत्र देते:

```
=SUMIFS(G2:G15,B2:B15,"K2")
```

याच पद्धतीने C स्तंभावरून शीर्षनिहाय बेरजा काढा. दोन्ही बाजूंची एकूण रक्कम १,३१,५०० च यायला हवी. फरक आला तर आधी `=COUNTBLANK(B2:B15)` पाहा. उत्तर शून्य नसेल तर कुठल्या तरी ओळीला कृतीच दिलेली नाही. ते शून्य असूनही फरक असेल, तर कुणीतरी ‘K2’ नंतर एक रिकामी जागा टाईप केलेली असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण सूत्राला तो वेगळा संकेत वाटतो. तिसरा दोष याहून फसवा आहे. दुसरीकडून चिकटवलेली रक्कम मजकूर म्हणून साठते, आणि मग दोन्ही बेरजा तिला वगळतात. त्यामुळे बेरजा जुळतात, पण दोन्ही चुकीच्या असतात. असा आकडा खान्यात डावीकडे चिकटलेला दिसतो, कारण खरी संख्या आपोआप उजवीकडे जाते. G मध्ये फक्त सूत्रे ठेवली तर हा घोटाळा निदान रक्कम-स्तंभात शिरत नाही.

मजकूर लिहिणे

आता लिखाण. प्रत्येक कृतीला एक परिच्छेद द्या आणि त्याची सुरुवात रकमेने नव्हे, कामाने करा. काम काय आहे, त्यातून संख्या कशी निघते, दर कुठून आला आणि ही वस्तू आपल्याकडे आधीच का नाही, या क्रमाने गेले की परिच्छेद जवळपास आपोआप तयार होतो. K2 चा परिच्छेद असा:

‘K2, मासिक नमुना-फेरी (६९,८०० रु.). दर महिन्याला एकाच सकाळी चारही घाटांवर नमुने घेतले जातील. विष्ठाजन्य कोलिफॉर्मसाठीचा नमुना बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचणे आवश्यक आहे. सकाळी ६ वाजता ग्वारीघाटापासून सुरुवात करून भेडाघाट ९.३० पर्यंत आटोपेल आणि नमुने ११ पर्यंत प्रयोगशाळेत पोचतील. बस बदलत जाण्यात ही वेळ पाळता येत नाही, म्हणून अर्ध्या दिवसाची गाडी घेतली आहे: १२ फेऱ्या × २,२०० = २६,४०० रु. (कोटेशन जोडले आहे). प्रत्येक घाटावर तीन जागी, वर्षाला १४४ मोजण्या होणार असल्याने हातातला मीटर (३८,००० रु.) मागितला आहे. विभागातील मीटर टेबलावर बसवलेला असून घाटावर नेता येत नाही. अंशशोधन द्रावणे १२ × २०० = २,४०० रु.; शीतपेटी १,८०० रु. आणि बर्फ १२ × १०० = १,२०० रु.’

यात प्रवास, उपकरण आणि उपभोग्य साहित्य अशी तीन शीर्षे एकत्र आली आहेत, पण वाचणाऱ्याला ते खटकत नाही, कारण तो एका सकाळचे काम वाचतो आहे. आणि सहा तासांचे ते एक वाक्य आमच्या जुन्या अर्जात असते, तर प्रवास कापणाऱ्याला निदान थांबून विचार करावा लागला असता.

K3 मध्ये मानकाचा आधार द्या. आंघोळीच्या पाण्यासाठी २००० सालच्या केंद्रीय अधिसूचनेत दिलेल्या निकषांपैकी चार असे: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत अपेक्षित आणि कमाल २,५००, विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा कमी, सामू ६.५ ते ८.५. आपण नेमके हेच चार आकडे मोजतो आहोत, म्हणून याच तपासण्यांचा खर्च मागितला आणि जड धातूंचा नाही, हे एका वाक्यात सांगता येते. काय मागितले नाही तेही लिहा. बीओडीसाठी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवणारा इन्क्युबेटर विभागात आहे, त्यामुळे त्याचा खर्च शून्य. जिवाणू-तपासणीची सोय नाही, म्हणून ती बाहेर. ‘बाहेर का’ याचे उत्तर दिले नाही, तर वाचणारा गृहीत धरतो की महाविद्यालयात प्रयोगशाळा असणारच.

विशेषणांना या मजकुरात जागा नाही. ‘अत्याधुनिक’, ‘उच्च दर्जाचे’, ‘किमान खर्चात’ हे शब्द गाळून वाक्य पुन्हा वाचा. काही उरले नाही, तर त्या वाक्यात आधीही काही नव्हते. मात्र उलट टोकही टाळा. ४८ निकालपत्रकांवर परिच्छेद खर्च करू नका. १,२०० रुपयांना अर्धी ओळ पुरते. जागा रकमेच्या आणि शंकेच्या प्रमाणात द्यायची. गाडी आणि मीटर यांवर शंका येणार, म्हणून शब्द तिथे वापरायचे.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. काही खर्च खरोखरच कोणत्याही एका कृतीचे नसतात, उदाहरणार्थ महाविद्यालयाचा ओव्हरहेड. ते ओढूनताणून चार कृतींत वाटू नका. त्यांना वेगळा संकेत द्या आणि दर किंवा टक्केवारी योजनेच्या नियमातून घेतली आहे एवढेच नमूद करा.

रक्कम कापली गेल्यास

समजा योजनेने १,३१,५०० ऐवजी १,१०,००० मंजूर केले आणि सुधारित बजेट मागवले. २१,५०० कमी करायचे आहेत. मुलांची पहिली सूचना असते, ‘एक घाट कमी करू.’ शीट उघडून पाहा: एका घाटामागे जिवाणू-तपासणी १२ × ५०० = ६,०००, फलक २,०००, पत्रके ३००, म्हणजे या तीन ओळींत ८,३०० वाचतात. गाडी तर उरलेल्या तीन घाटांना जाणारच. एका घाटाची वर्षभराची माहिती देऊन टाकली आणि हाती फार काही आले नाही.

जिवाणू-तपासणी एक महिना आड केली तर साठऐवजी तीस नमुने, १५,००० वाचतात. अहवाल छापण्याऐवजी पीडीएफ दिला तर २,५००. फलक चारऐवजी दोनच घाटांवर लावून बाकी दोन ठिकाणी पत्रके असलेल्या सूचनाफलकावर डकवली तर ४,०००. बेरीज बरोबर २१,५००. यातली जिवाणू-तपासणीची कपात मला स्वतःला टोचते, कारण आंघोळ करणाऱ्याच्या दृष्टीने तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पण त्यामुळे काय गमावले ते सुधारित समर्थनात सरळ लिहिता येते: ‘K3 मध्ये कोलिफॉर्मची तपासणी एक महिना आड होईल, मधल्या महिन्यांत फलकावर फक्त बाकीचे तीन निकष दिसतील.’ कार्ययोजनेतले K3 चे वाक्यही त्याच दिवशी बदला. शीट बदलली आणि मजकूर जुनाच राहिला, ही दुसऱ्या फेरीत सर्वात जास्त वेळा सापडणारी चूक आहे. ती टाळायला मी मुलांना दोन्ही फाइलींच्या नावात एकच तारीख टाकायला लावतो आणि एकाला K1 ते X पर्यंतच्या रकमा मजकुरातून मोठ्याने वाचायला, दुसऱ्याला शीटमध्ये बोट ठेवायला सांगतो. दहा मिनिटे लागतात.